नाइटमेअरमधली अँडॅरिएल की हेलमधली? लुटीच्या तक्त्यांतील वजनांविषयी

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. माझा धाकटा चुलतभाऊ आणि मी राजारामपुरीतल्या घरी एकाच टेबलावर दोन संगणक मांडून डायाब्लो २ खेळतो, आणि गेले दोन महिने आमचा एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे. मला स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी हवी आहे. त्यासाठी मी रोज रात्री नाइटमेअर पातळीवरच्या अँडॅरिएलला मारतो. भावाचे म्हणणे असे की हेलमधली अँडॅरिएल अधिक वरच्या लेव्हलची आहे, तिच्याकडून सगळेच अधिक चांगले मिळते, म्हणून मी वेळ फुकट घालवतो आहे.

मी वहीत नोंद ठेवली आहे. आतापर्यंत सुमारे ६०० वेळा तिला मारले, ९६ अंगठ्या पडल्या, त्यांपैकी १३ युनिक निघाल्या. ७ नागेलरिंग आणि ६ मॅनाल्ड हील. जॉर्डन एकही नाही. माझे मॅजिक फाइंड २०० आहे. आता मलाही शंका येऊ लागली आहे. वरच्या लेव्हलचा राक्षस सर्वच वस्तूंसाठी चांगला असतो का, आणि ‘युनिक’ हा दर्जा व त्यातली नेमकी वस्तू या दोन गोष्टी खेळ एकदमच ठरवतो की वेगवेगळ्या?

पन्हाळ्याचा_पहारेकरी

भावाचे बरोबर आहे असे मला वाटते. हेलमध्ये युनिक मिळण्याची शक्यता जास्त असते, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्याशिवाय मॅजिक फाइंड २०० वरून ४०० करा. ते दुप्पट झाले की जॉर्डनची शक्यताही दुप्पट होईल, कारण मॅजिक फाइंड म्हणजे दुर्मीळ वस्तू मिळण्याचीच टक्केवारी आहे.

मीनाक्षी_मंगळवारपेठ

मी या खेळाच्या मॉडवर बरीच वर्षे काम केले आहे आणि त्याच्या मजकूर-फायली अनेकदा उघडून बदलल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंकाळाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. खेळ या गोष्टी एकदम ठरवत नाही. राक्षस मेला की फासा तीनदा पडतो आणि प्रत्येक वेळी तो वेगळ्या तक्त्यावर पडतो.

पहिला फासा `TreasureClassEx.txt` मधल्या तक्त्यावर. इथे फक्त वस्तूचा प्रकार ठरतो: सोने, तलवार, शिरस्त्राण, अंगठी, की काहीच नाही. प्रत्येक ओळीपुढे टक्केवारी नसते, एक पूर्णांक असतो, आणि त्यालाच वजन म्हणतात. एखाद्या ओळीचे वजन भागिले त्या तक्त्यातली सगळी वजने, एवढीच त्या ओळीची शक्यता. ओळ दुसऱ्या तक्त्याकडेही बोट दाखवू शकते. मग तिथे पुन्हा निवड होते, आणि असे करत अखेर ‘अंगठी’ या शब्दापर्यंत आपण पोहोचतो.

दुसरा फासा दर्जाचा. पडलेली अंगठी युनिक आहे का हे आधी तपासले जाते, नसेल तर सेट, नसेल तर रेअर, नसेल तर मॅजिक. राक्षसाची लेव्हल आणि मॅजिक फाइंड यांचा हिशेब इथे येतो.

तिसरा फासा अंगठी युनिक ठरली तरच पडतो, आणि तो `UniqueItems.txt` मध्ये. खेळात युनिक अंगठ्या नऊ आहेत. त्यांची वजने अशी: नागेलरिंग १५, मॅनाल्ड हील १५, स्टोन ऑफ जॉर्डन १, ड्वार्फ स्टार १०, रेव्हन फ्रॉस्ट १०, बुल-कॅथोस वेडिंग बँड १, कॅरियन विंड १०, नेचर्स पीस १०, विस्प प्रोजेक्टर १०. एकूण ८२. मात्र ज्या अंगठीची लेव्हल पडलेल्या वस्तूच्या लेव्हलपेक्षा वर असेल, ती या निवडीत धरलीच जात नाही.

आता नाइटमेअरमधली अँडॅरिएल ४९ लेव्हलची आहे. जॉर्डनला ३९ लागते, पण ड्वार्फ स्टार आणि रेव्हन फ्रॉस्ट यांना ५३ लागते आणि बाकीच्यांना त्याहून अधिक. म्हणजे तिच्याकडून पडलेल्या युनिक अंगठीसाठी रिंगणात तीनच नावे उरतात: १५, १५ आणि १. एकूण ३१, त्यातली एक जॉर्डन. हेलमधली अँडॅरिएल ७५ लेव्हलची आहे. तिथे ड्वार्फ स्टार, रेव्हन फ्रॉस्ट, बुल-कॅथोस आणि कॅरियन विंड हेही रिंगणात उतरतात आणि बेरीज ६२ होते. जॉर्डनचे वजन १ च राहते. भावाने जिथे जायला सांगितले, तिथे तुमच्या अंगठीचा वाटा बरोबर निम्मा होतो.

पन्हाळ्याचा_पहारेकरी

मीनाक्षीताई, तिसऱ्या फाशाचे पटले. पण दुसऱ्या फाशात हेलचा फायदा आहे, हे तुम्हीही मान्य केलेत. तो फायदा हा तोटा भरून काढत नाही का? आणि मॅजिक फाइंडचे काय?

मीनाक्षी_मंगळवारपेठ

फायदा आहे, पण फार लहान. हे आकडे मांडूनच पाहू. सामान्य वस्तूंसाठी युनिकचा मूळ आकडा ४०० आहे, आणि राक्षसाची लेव्हल वस्तूच्या मूळ लेव्हलपेक्षा जितकी वर, तितका तो कमी होतो. अंगठीची मूळ लेव्हल १ आहे. म्हणून नाइटमेअरला ४०० वजा ४८, म्हणजे ३५२. हेलला ४०० वजा ७४, म्हणजे ३२६. हा आकडा जितका लहान, तितके युनिक सोपे. शिवाय अँडॅरिएलसारख्या बॉसला त्यावर मोठी सूट मिळते. सगळे धरून २०० मॅजिक फाइंडवर नाइटमेअरमध्ये अंदाजे पावणेसात अंगठ्यांत एक युनिक निघते आणि हेलमध्ये सव्वासहांत एक. वाटा निम्मा होण्याचा तोटा एवढ्याने भरून निघत नाही. जॉर्डनपुरते बोलायचे तर नाइटमेअरला सुमारे २०८ अंगठ्यांमागे एक, हेलला सुमारे ३८४ मागे एक.

मॅजिक फाइंडबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. ते युनिकची शक्यता वाढवते, पण सरळ प्रमाणात नाही. युनिकसाठी खेळ ते आधी २५० ने गुणतो आणि मग मूळ मॅजिक फाइंडमध्ये २५० मिळवून आलेल्या संख्येने भागतो. त्यामुळे २०० चे प्रत्यक्षात १११ होतात आणि ४०० चे १५३. मूळ १०० धरून तुलना केली तर २११ वरून २५३, म्हणजे जेमतेम एक-पंचमांश वाढ. पहिल्या आणि तिसऱ्या फाशाला तर मॅजिक फाइंड शिवतही नाही. ते वाढवण्यासाठी अंगावरची लढाईची साधने उतरवलीत आणि प्रत्येक फेरीला एक-पंचमांशाहून अधिक वेळ लागू लागला, तर तुम्ही तोट्यात गेलात.

पन्हाळ्याचा_पहारेकरी

हे मला खरोखर ठाऊक नव्हते. मी वर्षभर ४५० मॅजिक फाइंड बाळगून खेळतो आहे आणि प्रत्येक बॉसपुढे दोनदा मरतो. माझा पोशाख बदलायला हवा.

शेंडापार्कचा_सुहास

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या मोबाइलवरच्या खेळात पैसे देऊन पेटी उघडावी लागते आणि मला ४० पेट्यांत एकही सोनेरी वस्तू मिळालेली नाही. मग त्या पेटीतही अशीच तीन फाशांची पद्धत असते का, की पैसे उकळण्यासाठी मुद्दाम कमी देतात?

मीनाक्षी_मंगळवारपेठ

सुहास, तुमच्या खेळाच्या फायली मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्याविषयी काही सांगणे योग्य होणार नाही. खेळाच्या माहितीपानावर शक्यता छापलेली असेल तर ती एका पेटीची आहे की दहा पेट्यांच्या गठ्ठ्याची, एवढे नक्की पाहा. या धाग्यात राक्षसाकडून पडणाऱ्या वस्तूंबद्दल बोलणे चालू आहे, तिथे प्रत्येक फेरीला पैसे लागत नाहीत, म्हणून दोन्हींची तुलना जपून करावी लागेल.

निवृत्त_गणितशिक्षक

मी खेळत नाही, पण माझा नातू खेळतो, त्याने हा धागा दाखवला. रंकाळाकाठ यांच्या वहीतली नोंद मला फार आवडली, म्हणून तिच्यावरच लिहितो.

तुमच्या १३ युनिक अंगठ्यांत जॉर्डन नसणे हे दुर्दैव आहे का, हे मोजता येते. एका युनिक अंगठीत जॉर्डन नसण्याची शक्यता ३१ पैकी ३०. अशा १३ अंगठ्या सलग जॉर्डनविना निघण्याची शक्यता काढली तर ती सुमारे ६५ टक्के येते. म्हणजे तुमच्यासारखी नोंद असलेल्या तिघांपैकी दोघांच्या वहीत जॉर्डन नसणारच. ३१ युनिक अंगठ्या झाल्यावरही सुमारे ३६ टक्के लोक रिकाम्या हातांनी बसलेले असतील, आणि ९३ झाल्यावरही शंभरात पाच जण उरतील.

इथे बहुतेकांची चूक कुठे होते, ते मी वर्गात भिशीच्या उदाहरणाने सांगत असे. आपल्या गल्लीतल्या भिशीत ३१ सभासद असले तर दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी निघते आणि ती बाजूला ठेवली जाते. त्यामुळे ३१ महिन्यांत प्रत्येकाचा नंबर लागतोच, आणि महिने सरतात तशी उरलेल्यांची शक्यता वाढत जाते. खेळातल्या डब्यात मात्र निघालेली चिठ्ठी पुन्हा आत टाकली जाते. बारा वेळा नागेलरिंग निघाली म्हणून डब्यातल्या नागेलरिंगच्या चिठ्ठ्या कमी झालेल्या नसतात. तेराव्या वेळी सुद्धा तोच भरलेला डबा समोर असतो.

बिंदूचौक_बॉस

सर, गणित मान्य आहे, पण मनाला पटत नाही. सहाशे फेऱ्या मारणाऱ्या माणसाला आणि काल खेळ सुरू केलेल्या माणसाला एकच शक्यता देणे मला अन्यायाचे वाटते. अनेक नव्या खेळांत ठरावीक वेळा रिकामे गेल्यावर शक्यता हळूहळू वाढवत नेतात. म्हणजे भिशीसारखेच. या खेळात तसे का नसावे?

मीनाक्षी_मंगळवारपेठ

या खेळात तशी आठवण ठेवणारी व्यवस्था नाही, प्रत्येक फेरी कोरी असते. असावी की नाही याबद्दल माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. आमच्या मॉडमध्ये आम्ही एकदा अशी हमी घातली होती. खेळणारे लगेच फेऱ्या मोजू लागले. हमीच्या दहा फेऱ्या आधीपर्यंत जे निघेल त्याच्याकडे कुणी पाहीना, आणि हमीची वस्तू हाती आली की खेळ बंद करू लागले. अनपेक्षितपणे अंगठी पडण्यातला आनंद त्यात निघून गेला, म्हणून आम्ही ती हमी काढून टाकली.

बिंदूचौक_बॉस

तो आनंद ज्याला पडते त्याचा. ज्या पाच टक्क्यांना ९३ अंगठ्यांनंतरही काही मिळत नाही, त्यांच्याकडे कोण पाहणार? माझा आग्रह एवढाच आहे की निदान त्या टोकाच्या लोकांसाठी तरी काही असावे. यावर आपले एकमत होणार नाही, पण मी हे मनापासून लिहितो आहे.

अथर्व_कोडतो

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत एक छोटा खेळ बनवतो आहे. ताईंनी दिलेल्या नऊ अंगठ्यांचा तक्ता चाचणीसाठी माझ्या कोडमध्ये जसाच्या तसा, त्याच क्रमाने घातला आणि राक्षसाची लेव्हल ४९ ठेवली. एक लाख वेळा फासा टाकला तर सुमारे ६२ हजार वेळा विस्प प्रोजेक्टर निघाली! तिची लेव्हल ८४ आहे, म्हणजे ती निघायलाच नको. काल दिवसभर शोधून चूक सापडली नाही. कोड हा आहे:

```python
total = sum(r["wt"] for r in table)
roll = random.randrange(total)
for r in table:
    if r["lvl"] > ilvl:
        continue
    roll -= r["wt"]
    if roll < 0:
        return r
return r
```

मीनाक्षी_मंगळवारपेठ

अथर्व, तुझा ६२ हजार हा आकडाच चूक दाखवतो आहे. पहिल्या ओळीत तू नऊच्या नऊ अंगठ्यांची वजने मिळवलीस, ती झाली ८२. फासा ० ते ८१ मध्ये पडतो. पण पुढच्या फेरीत तू वरच्या लेव्हलच्या अंगठ्या वगळतोस, त्यामुळे वजा करायला फक्त ३१ उरतात. फासा ३१ किंवा त्याहून मोठा पडला की तो कधीच शून्याखाली जात नाही, फेरी संपते, आणि शेवटची `return r` ही ओळ तक्त्यातली शेवटची वस्तू परत देते, मग तिची लेव्हल काहीही असो. ८२ पैकी ५१ वेळा हेच होणार, म्हणजे ६२ टक्के.

आधी लेव्हलमध्ये बसणाऱ्या ओळी गाळून घे आणि मग त्यांचीच बेरीज कर:

```python
ok = [r for r in table if r["lvl"] <= ilvl]
total = sum(r["wt"] for r in ok)
```

पुढची फेरीही `ok` वरच फिरव. आणि ती शेवटची `return r` काढून तिथे चूक जाहीर करणारी ओळ घाल. अशा ठिकाणी गुपचूप काहीतरी परत देणारा कोड फार त्रास देतो, कारण खेळ बंद पडत नाही, फक्त चुकीची लूट देत राहतो, आणि खेळणाऱ्याला वाटते की नशीब जोरावर आहे. एक लाख वेळा फासा टाकून मोजणी करायची तुझी सवय मात्र सोडू नकोस, तीच खरी तपासणी आहे.

अथर्व_कोडतो

ताई, चालले! आता नागेलरिंग ४८ हजारांच्या आसपास, मॅनाल्ड हीलही तितकीच, आणि जॉर्डन ३ हजार २०० च्या जवळपास येते. लाखाला ३१ ने भागले तर तेवढेच येते.

आणखी एक विचारतो. माझ्या खेळात मी राक्षसांच्या एकाच मोठ्या तक्त्यात सगळ्या वस्तू घातल्या आहेत. मागच्या आठवड्यात साध्या पांढऱ्या ३० तलवारी नव्याने घातल्या तर सोनेरी वस्तू जवळजवळ दिसेनाशा झाल्या, मी त्यांच्या वजनाला हातही लावला नव्हता.

मीनाक्षी_मंगळवारपेठ

कारण बेरीज वाढली. एकाच तक्त्यात सगळे असले की प्रत्येक नवी ओळ बाकी सगळ्यांचा वाटा खाते. म्हणूनच दर्जा आणि वस्तू यांचे फासे वेगळे ठेवतात. आधी दर्जा ठरव, मग त्या दर्जातली वस्तू. मग पांढऱ्या तलवारी ३० असोत की ३००, त्या आपसातच वाटा वाटून घेतील आणि सोनेरी दर्जाला धक्का लागणार नाही.

पन्हाळ्याचा_पहारेकरी

मग `/players 3` हा आदेश कुठल्या फाशावर चालतो? एकट्याने खेळताना तो दिला की जास्त वस्तू पडतात, हे मी पाहिले आहे. यात तरी मी चुकलेलो नसावा.

मीनाक्षी_मंगळवारपेठ

नाही, यात तुम्ही बरोबर आहात. तो पहिल्या फाशावर चालतो. साध्या राक्षसाच्या नेहमीच्या तक्त्यात ‘काहीच नाही’ या ओळीचे वजन १०० असते आणि सोने, साधने वगैरे बाकी सगळे मिळून ६०. म्हणजे १६० पैकी १०० वेळा, साडेबासष्ट टक्के, हात रिकामा. `/players 3` दिल्यावर ही रिकामी शक्यता स्वतःशीच गुणली जाते आणि सुमारे ३९ टक्क्यांवर येते. `/players 2` ने मात्र या रिकाम्या शक्यतेत काहीच बदलत नाही, कारण हिशेबात अर्धा भाग सोडून दिला जातो. अँडॅरिएलच्या तक्त्यात रिकाम्या ओळीचे वजन मुळातच लहान आहे, त्यामुळे तिच्यासाठी या आदेशाचा फायदा थोडा आणि राक्षसाची ताकद वाढण्याचा त्रास मोठा.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी हा धागा भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा कुठे कळले की त्याला जॉर्डन नकोच आहे, त्याला रेव्हन फ्रॉस्ट हवी आहे! ती ४९ लेव्हलच्या राक्षसाकडून कधीच पडणार नाही, आणि हेलमधल्या अँडॅरिएलकडे ६२ पैकी १० वाटा तिचा आहे, जवळजवळ सहात एक. म्हणजे दोन महिने आम्ही दोघेही आपापल्या अंगठीपुरते बरोबर बोलत होतो आणि एकमेकांना चूक ठरवत होतो. आता मी नाइटमेअरमध्ये आणि तो हेलमध्ये, असे ठरले आहे.

मीनाक्षीताई, तुम्ही फेरीला लागणाऱ्या वेळेबद्दल लिहिलेत म्हणून वहीत आता तो वेळही लिहू लागलो आहे.

कळंब्याची_कस्तुरी

उशिरा आले, पण एक शंका राहून गेली आहे. नाइटमेअरमधला मेफिस्टो ५९ लेव्हलचा आहे. त्याच्याकडे ड्वार्फ स्टार आणि रेव्हन फ्रॉस्टही रिंगणात येतात, म्हणजे बेरीज ५१ आणि जॉर्डन ५१ पैकी एक. वाटा अँडॅरिएलहून कमी, हे खरे. पण माझ्या चेटकिणीने मी खंदकापलीकडे उभी राहून त्याला न लागता मारते, आणि माझी फेरी अँडॅरिएलच्या फेरीच्या जवळजवळ निम्म्या वेळात होते. मग मी कुणाकडे जावे?

मीनाक्षी_मंगळवारपेठ

कस्तुरी, प्रश्न चांगला आहे. ३१ ला ५१ ने भागले तर ०.६१ येते. दोघांकडून दर फेरीला सारख्याच अंगठ्या पडतात असे धरले, तर मेफिस्टोची फेरी अँडॅरिएलच्या फेरीच्या ६१ टक्क्यांहून कमी वेळात होत असेल तेव्हा मेफिस्टो बरा. तुमची निम्म्यात होते, म्हणजे तुम्ही पुढे आहात. पण ‘सारख्याच अंगठ्या’ हे गृहीत आहे. दोघांचे पहिले तक्ते वेगळे आहेत. तुम्ही शंभर फेऱ्यांत पडलेल्या सगळ्या अंगठ्या, निळ्यासुद्धा, मोजून इथे लिहाल का? रंकाळाकाठ यांच्या वहीत ६०० फेऱ्यांत ९६ आहेतच, म्हणजे शंभरात १६. त्याच्याशी ताडून पाहता येईल.

कळंब्याची_कस्तुरी

आजपासून मोजते. रविवारपर्यंत शंभर फेऱ्या होतील.